स्टॅटिनने साखर वाढते, मग ही गोळी का घ्यायची?

धानोरा तालुक्यातील 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लकवा हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. दर सातपैकी एक मृत्यू लकव्याने झाला होता. मेंदूत गुठळी अडकून लकवा झाला, की पुढचा झटका टाळण्यासाठी डॉक्टर स्टॅटिन देतात. 'त्या गोळीने शुगर होते' असे ऐकून अनेक जण ती बंद करतात.

यात तथ्य किती?

साखर वाढते हे खरे, पण नेहमीच्या डोसमध्ये सरासरी वाढ एक अंकाहूनही कमी असते. उपाशीपोटी साखर ९५ असणाऱ्याला फरक जाणवत नाही. १२५ असणारा मात्र १२६ वर जातो आणि त्याला मधुमेही म्हटले जाते. म्हणून नवे रुग्ण मुख्यतः आधीच सीमेवर असलेल्यांत दिसतात. जास्त डोसमध्ये हा धोका वाढतो.

फायदा किती?

२०१० मध्ये १३ चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतल्यास मधुमेहाचा एक रुग्ण वाढतो. तेवढ्यात हृदयविकाराचे झटके आणि त्यातील मृत्यू मिळून सुमारे पाच घटना टळतात. टळलेला लकवा वेगळाच.

काय करावे?

गोळी सुरू करण्यापूर्वी साखर तपासा, काही महिन्यांनी पुन्हा तपासा. वाढली तर डॉक्टरांना सांगा. मनाने गोळी थांबवू नका. ज्यांना हृदयविकाराचा धोकाच कमी आहे, त्यांच्यासाठी फायदाही लहान असतो. त्यांनी सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी चर्चा करावी.