किल्ली चिपमध्ये बंद. पण बोट कोणाचे?

हैदराबादच्या बरकतपुरा भागात कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रादेशिक कार्यालय आहे. कारखान्यांतून, छापखान्यांतून, खासगी आस्थापनांतून निवृत्त झालेल्या माणसांचा या कार्यालयाशी एक वार्षिक संबंध असतो, तो हयातीच्या दाखल्याचा. तो नोंदला गेला नाही तर निवृत्तिवेतन थांबते. गोव्यातील निवृत्तांची गोष्ट वेगळी नाही. त्यांचे कार्यालय पणजीत आहे, एवढेच. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू झाल्यापासून हा दाखला कागदावर सही करून देण्याऐवजी काचेच्या तुकड्यावर बोट ठेवून देता येतो.

ते बोट आणि आधारची यंत्रणा यांच्यामध्ये एक यंत्र असते, आणि त्या यंत्रात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली नेमकी कोठे ठेवली आहे, या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नावर दाखल्याची विश्वासार्हता बरीचशी अवलंबून आहे.

आरंभीच्या काळात बोटाचा ठसा घेणारे यंत्र साध्या कॅमेऱ्यासारखे होते. ते ठसा संगणकाकडे देई आणि पुढची बांधाबांध संगणकावरील प्रोग्रॅम करी. म्हणजे ठसा काही क्षण उघडाच असे, आणि जो उघडा असतो तो साठवता येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने एक बँक आणि दोन संस्थांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. एकाच व्यक्तीच्या ठशावर जुलै २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या काळात ३९७ व्यवहार झाल्याचे तीत म्हटले होते. साठवलेला ठसा पुन्हा पुन्हा पाठवला गेल्याचा तो संशय होता.

त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी ‘नोंदणीकृत यंत्रे’ आली. प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःची खासगी किल्ली मिळाली. ठसा घेतला की त्याला वेळेची नोंद जोडायची, त्यावर यंत्राच्या किल्लीने सही करायची आणि मग सारे पुडके असे कुलूपबंद करायचे की ते आधार प्राधिकरणाखेरीज कोणाला उघडता येऊ नये. कालचे पुडके आज पाठवले तर वेळ जुळत नाही. अनोळखी यंत्राचे पुडके आले तर सही जुळत नाही. एखादे यंत्र संशयास्पद ठरले, तर त्याचे प्रमाणपत्र रद्द करून तेवढे यंत्र बाहेर काढता येते.

मात्र या यंत्रांचे दोन स्तर ठरवले गेले. ‘एल-झिरो’ यंत्रात सही करण्याचे काम संगणकाच्या किंवा मोबाईलच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे होते, किल्लीही तिथेच. विंडोज किंवा अँड्रॉइडवर ज्याचा पूर्ण ताबा, त्याच्या हाताला ती किल्ली लागण्याची शक्यता राहते. सेवा केंद्रातील संगणक कोणकोण हाताळते, त्यावर कुठकुठले चोरटे प्रोग्रॅम शिरलेले असतात, हे पाहिले की ही शक्यता पुस्तकी वाटत नाही. ‘एल-वन’ यंत्रात ठसा घेणे, त्यावर सही करणे आणि तो कुलूपबंद करणे ही तिन्ही कामे यंत्रातल्याच सुरक्षित कप्प्यात होतात. ऑपरेटिंग सिस्टीमला किल्ली मिळवण्याचा मार्ग नाही आणि मध्येच दुसरा ठसा घुसवण्याचाही नाही, हीच या स्तराची अट आहे. संगणकाच्या हाती येते ते बंद पुडके. आत काय आहे हे त्याला वाचता येत नाही. पोस्टमनसारखे ते पुढे पोहोचवणे एवढेच त्याचे काम. प्राधिकरणाने पुढे ‘एल-झिरो’ ठसायंत्रे बाद करण्याचे धोरण स्वीकारले, ते याच कारणाने.

हे तत्त्व आधारपुरते नाही. आयफोनमध्ये २०१३ पासून असा कप्पा आहे. विंडोज ११ साठी संगणकात ‘टीपीएम’ ही सुरक्षा चिप सक्तीची झाली, तीही किल्ल्या ऑपरेटिंग सिस्टीमपासून दूर ठेवण्यासाठीच. पण चिप आपल्या भिंतींच्या आतच राखण करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका संशोधकाने जुन्या लॅपटॉपचे आवरण उघडून, अगदी स्वस्त अशा छोट्या संगणकाच्या साह्याने, डिस्कचे कुलूप उघडणारी किल्ली त्रेचाळीस सेकंदांच्या आत वाचून दाखवली. चिप त्याने फोडली नव्हतीच. चिपने किल्ली रीतसर प्रोसेसरकडे पाठवली आणि ती वाटेवरच्या तारांतून उघडी जात असताना त्याने टिपली.

ठसायंत्रात ही वाट काचेपासून सुरू होते. चिप प्रामाणिकपणे सांगते की हा ठसा याच यंत्राने, याच क्षणी घेतला. काचेवर टेकलेली वस्तू जिवंत माणसाचे बोट होते की रबराचा तुकडा, हे सही सांगत नाही. याचा धडा तेलंगणाने २०१८ मध्येच घेतला आहे. पेद्दपल्ली जिल्ह्यातील एका सिमकार्ड विक्रेत्याने राज्याच्या नोंदणी व मुद्रांक खात्याच्या संकेतस्थळावरून खरेदीखतांच्या प्रती उतरवल्या. त्यांवर आधार क्रमांक होते आणि अंगठ्याचे ठसेही. रबरी शिक्के तयार करण्याच्या यंत्रावर त्याने त्या ठशांचे साचे बनवले आणि त्यांच्या बळावर हजारो सिमकार्डे चालू केली. नोंदणीकृत यंत्रे तेव्हा आलेली होती. खोट्या अंगठ्यावरची सही अस्सलच होती.

असा साचा ओळखायचा तर काम काचेपाशीच व्हायला हवे. जिवंत त्वचेचा ओलावा, दाबाबरोबर बदलणारा ठशाचा आकार, त्वचेखालून परतणारा प्रकाश अशा खुणा यंत्राने तपासायच्या असतात. ‘एल-वन’चा खरा लाभ येथे आहे. ही तपासणी सुरक्षित कप्प्यात झाली तर तिचा निकाल संगणकाला बदलता येत नाही. पण तपासणी किती कडक हे चिप ठरवत नाही, आणि कडकपणाची किंमत असते. आयुष्यभर यंत्रावर काम करून ज्यांची बोटे झिजली, त्यांचीच बोटे अशा यंत्राला संशयास्पद वाटण्याचा धोका अधिक. बरकतपुऱ्याच्या कार्यालयाकडे येणारा निवृत्त बहुतांशी याच वर्गातला.

चेहऱ्यावरून हयात सिद्ध करण्याची सोय २०२१ मध्ये सुरू झाली, ती अशा बोटांसाठी मोठा दिलासा ठरली. मात्र साध्या मोबाईलमध्ये किल्ली सुरक्षित कप्प्यात असली तरी कॅमेरा सहसा ऑपरेटिंग सिस्टीमच्याच ताब्यात असतो. ठसायंत्रात बंद केलेली वाट येथे पुन्हा काही अंतर उघडी राहते. फोनमधील बदल ओळखणाऱ्या तपासण्यांवर तिची भिस्त असते.

निवृत्ताच्या हाती यातले थोडेच आहे. यंत्रावर ‘एल-वन’ लिहिले आहे का, हे पाहता येते. आपल्या आधारचा वापर गेल्या सहा महिन्यांत कोठेकोठे झाला, याची यादी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. त्यात एकदम पन्नासपर्यंत नोंदी दिसतात. ज्या दिवशी आपण कोठे बोट ठेवलेच नाही, त्या दिवसाची यशस्वी नोंद दिसली तर तक्रार तत्काळ करावी. बोटाचे ठसे व चेहरा यांना आधारमध्ये कुलूप लावून ठेवणे हा त्याहून पक्का उपाय आहे, कारण रबरी साचाही त्यापुढे चालत नाही. दाखला देण्यापूर्वी ते उघडावे लागते. उघडायचे राहिले, तर केंद्राच्या पडद्यावर 330 हा त्रुटी क्रमांक येतो. यंत्र बिघडले किंवा बोट झिजले असे सांगून कोणी परत पाठवू लागले, तर आधी तो क्रमांक वाचून घ्यावा.