‘आहे’ म्हणजे नक्की कुठे आहे?

मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे शुद्धलेखनाला आधीच सॉरी. पण हा विषय डोंबिवली लोकलमध्ये, मराठीतच सुचला.

सोमवारी सकाळी घरून हॉस्टेलला परत येताना मी कल्याणच्या मित्राला माझं लाडकं प्रूफ सांगत होतो. प्रश्न असा : इरॅशनल संख्येचा (मराठी माध्यमवाल्यांची अपरिमेय) इरॅशनल घात काढला, तर उत्तर रॅशनल येऊ शकतं का?

√२ इरॅशनल आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. आता √२ चा √२ वा घात घ्या आणि त्याला ‘क’ म्हणा. क रॅशनल असेल तर काम झालं. नसेल तर क चा पुन्हा √२ वा घात काढा. घातांचा गुणाकार √२ × √२ = २, म्हणून उत्तर (√२)² = २. म्हणजे तेव्हाही काम झालं! दोन्हीकडून जीत आपलीच.

मित्र म्हणाला, "मग ती जोडी कोणती?" मी म्हटलं, "या दोनपैकी एक." त्यावर त्याने खिडकीजवळ बसलेले दोन काका दाखवले. "यातले एक ठाण्याला उतरणार, पण कोण ते सांगत नाही. बस आता त्या सीटवर!" मी गप्प.

गंमत म्हणजे माझ्या मित्राचं हे म्हणणं डच गणिती ब्राउवर यांनी १९०८ सालीच मांडलं होतं. ‘एखादी गोष्ट खरी असते किंवा नसते, तिसरा पर्याय नाही’ हा नियम अनंताच्या बाबतीत डोळे मिटून वापरू नका, असं ते म्हणत. क रॅशनल आहे का, हे एकेक अपूर्णांक तपासून ठरवायचं म्हटलं तर तपासणी कधी संपायची? त्यांच्या पंथाला अंतःप्रज्ञावाद म्हणतात (शब्द लायब्ररीतल्या कोशातून उचललाय). तिथे ‘आहे’ म्हणजे ‘हे घ्या, काढून दाखवलं’. याउलट वास्तववादी म्हणतात, काका कुठे उतरणार ते ठरलेलंच आहे, तुम्हाला माहीत नाही हा तुमचा प्रॉब्लेम. गणिती हार्डी याच मताचे होते. गणिताचं जग आपल्या बाहेर असतंच, आपण ते फक्त शोधतो.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. डहाणूला जन्मलेले आणि ठाण्यात शाळा शिकलेले द. रा. कापरेकर पुढे देवळालीला शिक्षक होते. त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ हा आकडा जगापुढे मांडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आणि तेच पुन्हा करत राहा. ४३२१ − १२३४ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आता इथेच अडकलात! कुठूनही निघा, जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत इथेच येता.

इथे ब्राउवरही भांडणार नाहीत. चार अंकी संख्या दहा हजारांच्या आतच, सगळ्या तपासता येतात. पाच अंकांसाठी असा आकडाच नाही, संख्या छोट्या चक्रांत फिरत राहतात. हे ‘नाही’सुद्धा तपासूनच कळतं. थोडक्यात काय, भांडण मोजून संपणाऱ्या गोष्टींवर नाहीच, अनंतावर आहे.

माझ्या प्रूफचं काय झालं? गेल्फाँड आणि श्नायडर यांच्या १९३४ च्या प्रमेयातून क इरॅशनल असल्याचं नक्की होतं. म्हणजे खरी जोडी दुसरी. पण एवढ्या जड प्रमेयाची गरजच नव्हती. √२ चा घात म्हणून पाया २ धरून ९ चा लॉग घ्या, उत्तर थेट ३ येतं. आणि तो लॉग p/q असता तर २ चा p वा घात = ९ चा q वा घात झाला असता. एक बाजू सम, दुसरी विषम, म्हणजे अशक्य. तीन ओळींत जोडी हातात! मी मात्र वर्षभर ‘दोनपैकी एक’ यावरच खूश होतो.

माझं मत विचाराल तर ६१७४ हा आकडा कापरेकरांच्या आधीही तिथे होता, असं मला मनापासून वाटतं. त्या बाबतीत मी वास्तववादी. पण प्रूफ लिहिताना मी मित्राच्या बाजूने. ‘असणारच’ हे प्रूफ फुकट नसतं. शोध वाया जाणार नाही, एवढी खात्री ते देतं. मात्र तिथे थांबलो, तर पुढचं सोपं उत्तर शोधायचं राहून जातं, जसं माझं राहिलं. म्हणून सबमिशनमध्ये ‘अस्तित्व सिद्ध’ लिहिताना नुसतं ‘असणारच’ सिद्ध केलं की काढून दाखवलं, तेही लिहा.

असो. ठाणे आलं तेव्हा दोघांपैकी एकही काका उतरले नाहीत. गृहीतकच चुकलं होतं!