तुमच्या नावावर किती सिम आहेत? त्याआधी बघा, तुमचं सिम कुणाच्या नावावर आहे

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप एकदम चर्चेत आलं. नव्या फोनमध्ये हे ॲप कंपनीनेच आधीपासून टाकून द्यावं, असा आदेश दूरसंचार विभागाने काढला होता. खाजगीपणाचं काय, सरकार फोनमध्ये डोकावणार का, यावरून आरडाओरडा झाला आणि ३ डिसेंबरला सरकारने ती सक्ती मागे घेतली. माझ्या मते ती मागे घेतली हे बरंच झालं. पण या भांडणात एक गोष्ट बाजूला राहिली. त्या ॲपमधली सगळ्यात कामाची सोय, म्हणजे आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते बघणं, मे २०२३ पासून साध्या वेबसाइटवर आहे. ॲप टाकायची गरजच नाही.

आणि ती बघायला कारणही आहे. त्याच्या थोडंच आधी, नोव्हेंबरमध्ये, दूरसंचार विभागाने बजावलं होतं की तुमच्या नावावरचं सिम वापरून कुणी गुन्हा केला, तर ज्याच्या नावावर सिम आहे तोही अडचणीत येऊ शकतो. फसवणुकीच्या तक्रारीत पोलिसांच्या हाती आधी लागतो तो नंबर, आणि नंबरवरून मिळतं ते कागदावरचं नाव.

बघायची पद्धत अगदी सोपी आहे. ब्राउझरमध्ये sancharsaathi.gov.in उघडा. नागरिकांच्या सेवांमध्ये “Know Mobile Connections in Your Name” हा पर्याय आहे. तिथे मोबाइल नंबर टाका, चित्रातली अक्षरं भरा, आलेला ओटीपी टाका. समोर नंबरांची यादी येते. प्रत्येक नंबरचे काही आकडे झाकलेले असतात, त्यामुळे ओळखायचं ते दिसणाऱ्या आकड्यांवरून. पत्ता टाइप करतानाच नीट बघा, शेवटी .gov.in पाहिजे. सर्चमध्ये अशाच नावाच्या नकली साइट्स वर येतात.

इथपर्यंतची माहिती तुम्ही दहा ठिकाणी वाचली असेल. खरी गंमत पुढे आहे.

यादी तुमची नसते, नंबरची असते

नीट बघा, साइट तुम्हाला आधार नंबर विचारत नाही, नावही विचारत नाही. विचारते फक्त मोबाइल नंबर. म्हणजे तो नंबर ज्या माणसाच्या ओळखीवर घेतलेला आहे, त्या माणसाची यादी तुम्हाला दिसते. तुम्ही वापरता तो नंबर वडिलांच्या नावावर असेल, तर तुम्ही बघताय ती वडिलांची यादी. तुमच्या स्वतःच्या आधारवर कुणी चार सिम काढली असतील, तरी ती इथे दिसणार नाहीत.

हे काही अपवादाने होत नाही. आपल्याकडे १८ वर्षांखालच्या मुलाला सिम मिळतच नाही. दहावी-अकरावीत पहिला फोन मिळाला असेल, तर ते सिम आईच्या किंवा बाबांच्या कागदावर घेतलेलं असणार. पुढे कॉलेज आलं, यूपीआय आलं, सगळं त्याच नंबरवर जोडलं गेलं, पण कागदावर नाव जुनंच राहिलं. म्हणून आधी ते तपासा. कंपनीच्या ॲपमध्ये प्रोफाइलवर बऱ्याचदा नाव दिसतं. नाही दिसलं, तर कंपनीच्या गॅलरीत जाऊन विचारता येतं.

एक उदाहरण सांगतो. माझ्या ओळखीतला एक मुलगा सातारा जिल्ह्यातून पुण्याला शिकायला आहे. त्याने ही साइट बघितली आणि मला घाबरून मेसेज केला, “दादा, माझ्या नावावर सहा नंबर आहेत, मी तर एकच वापरतो!” पाचही नंबरांवर “माझा नाही” करून टाकू का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, थांब. तुझं सिम कुणाच्या नावावर आहे? बाबांच्या. मग आधी बाबांना फोन लाव.

आम्ही बसून एकेक नंबर सोडवला. फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये शेवटचे आकडे टाकून शोधलं, की बरेच नंबर लगेच सापडतात. एक त्याचा स्वतःचा. एक बाबांचा, एक आईचा. चौथा घरात लॉकडाउनमध्ये घेतलेल्या डोंगलचा निघाला. डोंगल कपाटात पडून होतं, पण सिम कुणी बंद केलं नव्हतं. पाचवा कुणालाच ओळखू येईना. शेवटी बाबांनाच आठवलं, विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये एक सिम आहे! शेतात न जाता मिस्ड कॉल देऊन मोटर चालू-बंद करायचा तो डबा. त्या सिमला कुणी कधी बोलायला फोन करत नाही, म्हणून ते ध्यानात राहत नाही. त्या मुलाने घाईत बटण दाबलं असतं, तर आईचा फोन आणि मोटर दोन्ही बंद पडायची वेळ आली असती.

सहावा नंबर मात्र खरोखर कुणाचाच नव्हता.

तो आला कुठून? नक्की सांगता येत नाही, पण असे नंबर निघायची एक ठरलेली रीत आहे. दुकानात किंवा रस्त्याकडेच्या छत्रीखाली आपण सिम घ्यायला किंवा पोर्ट करायला जातो. अंगठा लावतो, फोटो काढतो. दुकानदार म्हणतो, “नीट आला नाही, परत लावा.” दुसऱ्यांदा लावलेल्या अंगठ्यावर दुसरं सिम चालू होतं आणि ते आपल्या हातात कधी येतच नाही. असं चालू केलेलं सिम पुढे फसवणूक करणाऱ्यांना विकलं जातं. अंगठा खरंच कधीकधी उमटत नाही, विशेषतः शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांचा. म्हणूनच ही थाप खपते. परत अंगठा मागितला तर पहिल्या वेळी काय झालं ते स्क्रीनवर दाखवायला सांगा, आणि आठवड्याभराने यादी बघा. त्या मुलाच्या बाबांनी दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी नंबर पोर्ट केला होता, आणि अंगठा दोनदा लावल्याचं त्यांना आठवत होतं.

तीन बटणं, तीन अर्थ

यादीतल्या नंबरला तीन उत्तरं देता येतात. “Required” म्हणजे हा माझा आहे, राहू द्या. “Not Required” म्हणजे माझाच आहे, पण आता नको. आणि “Not My Number” म्हणजे हा मी घेतलेलाच नाही. शेवटच्या दोन्हींमुळे नंबर बंद होण्याकडे गाडी जाते, पण दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा. तिसरं बटण म्हणजे माझी ओळख कुणीतरी वापरली अशी तक्रार. ती नोंदवल्यावर कंपनी तो नंबर वापरणाऱ्याकडे पुन्हा ओळख पटवायला मागते, आणि ती पटली नाही की नंबर बंद करते. त्या मुलाच्या घरी फक्त सहाव्या नंबरवर हे बटण वापरलं. तेही बाबांच्या संमतीने, कारण तक्रार त्यांच्या नावाची होती.

डोंगलसाठी “Not Required” योग्य होतं. पण इथे एक काळजी घ्या. बंद झालेला नंबर कायमचा मरत नाही. किमान ९० दिवसांनी कंपनी तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते. त्यामुळे जुना नंबर सोडण्याआधी तो बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप, ईमेल आणि आधारवरून काढा. नाहीतर तुमचे ओटीपी उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतील.

तक्रार नोंदवली की एक क्रमांक मिळतो. त्याचा आणि त्या यादीचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. तक्रारीचं पुढे काय झालं ते त्या क्रमांकावरून साइटवरच बघता येतं. स्क्रीनशॉटचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या नंबरवरून आधीच काही उद्योग झाले असतील आणि पुढे-मागे विचारणा झाली, तर अमुक तारखेला आपणच तो नंबर नाकारला होता, हे दाखवता येतं. एखादी नोटीस किंवा फोन आधीच आला असेल, तर बटणावर थांबू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या. आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन किंवा cybercrime.gov.in वर तक्रार.

नऊची मर्यादा आणि जे दिसत नाही ते

एका माणसाच्या नावावर नऊ सिम चालतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत सहा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात मर्यादा ओलांडल्यास पहिल्या वेळी ५० हजार आणि पुढे दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फसवून किंवा दुसऱ्याच्या नावाने सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावाकडे अख्ख्या घराची सिम एकाच्या आधारवर असतात. डोंगल, मोटर, आजीचा बटणांचा फोन असं मोजत गेलं की नऊ फार लांब नसतात. म्हणून १८ पूर्ण झाली असतील तर आपलं सिम आपल्या नावावर करून घ्या. गॅलरीत बाबा आणि तुम्ही दोघांची ओळखपत्रं लागतात, नंबर तोच राहतो. त्यानंतर साइटवर लॉगिन केलंत की ती यादी खऱ्या अर्थाने तुमची असेल.

तरीही तिच्यात सगळं सापडेल असं समजू नका. ऑफिसने दिलेलं सिम कंपनीच्या नावावर असतं, ते दिसणार नाही. आणि कुणी तुमचा फोटो लावून भलत्याच नावाने सिम काढलं, तर तेही तुमच्या यादीत येत नाही. तसल्या प्रकरणांसाठी विभागाकडे ‘अस्त्र’ नावाची वेगळी यंत्रणा आहे, ती एकच चेहरा वेगवेगळ्या नावांवर वापरलाय का ते शोधते. आपल्या हातात तिथे काही नाही.

एक फोन मात्र तुम्हाला येऊ शकतो. “ट्रायमधून बोलतोय, तुमच्या आधारवर बेकायदा सिम आहे, दोन तासांत सगळे नंबर बंद होतील, अधिक माहितीसाठी नऊ दाबा.” ट्राय असे फोन करत नाही. तो कट करा, आणि मग शांतपणे स्वतः साइट उघडून यादी बघा.