टाच दुखते म्हणून मुलीचे मैदान बंद करू नका

आमच्या वस्तीतली एक मुलगी, वय अकरा वर्षे, शाळेच्या कबड्डी संघात खेळते. चढाईत चपळ. गेल्या पावसाळ्यात निवड चाचणी जवळ आली आणि आठवड्यातून तीन दिवसांचा सराव सहा दिवस, तोही सकाळ-संध्याकाळ सुरू झाला. त्याच काळात तिची उंची झपाट्याने वाढत होती. जूनमध्ये शिवलेली सलवार ऑगस्टमध्ये घोट्याच्या वर गेली होती. मग तिच्या दोन्ही टाचा दुखू लागल्या, उजवी जास्त. सराव संपवून घरी येताना ती चवड्यांवर चालायची.

सर म्हणाले, "नाटक करते, पळायला नको म्हणून." वडील म्हणाले, "पोरीच्या जातीला कशाला हवा खेळ? बंद करा." एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढला. तिथे सांगितले की टाचेच्या हाडाचे तुकडे झालेत, प्लास्टर घालावे लागेल. आई घरकामाला जाते. एक्स-रेचे पाकीट छातीशी धरून ती आमच्याकडे आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, पोरगी लंगडी तर होणार नाही ना?"

त्या मुलीचे हाड मोडलेले नव्हते, तिचे नाटकही नव्हते आणि खेळ कायमचा सोडण्याचे कारण तर मुळीच नव्हते. आठ ते चौदा वर्षांच्या, धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये टाच दुखण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. अमेरिकेतले डॉ. सेव्हर यांनी 1912 मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून पुस्तकात त्याला 'सेव्हर्स डिसीज' म्हणतात. 'डिसीज' हा शब्द ऐकून आई-बाप घाबरतात. पण हा रोग नाही, वाढीच्या वयात टाचेवर पडलेला जास्तीचा ताण आहे.

मुलाच्या टाचेचे हाड मोठ्या माणसासारखे एकसंध नसते. त्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक वेगळा तुकडा टोपीसारखा बसलेला असतो. तो मुलींमध्ये साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी आणि मुलांमध्ये सातव्या-आठव्या वर्षी एक्स-रेमध्ये दिसू लागतो. पुढे तेरा ते पंधरा वर्षांच्या आसपास तो मुख्य हाडाला पक्का जुळतो. तोवर दोघांच्या मध्ये मऊ कूर्चेची पट्टी असते, तिथेच वाढ होते. पोटरीची जाड शीर याच टोपीला वर ओढते. वाढीच्या काळात हाड भराभर लांबते, पोटरी मागे पडते आणि ही ओढ वाढते. त्यात टणक जमीन, पातळ तळाचे बूट आणि रोजच्या उड्यांचे धक्के. मऊ पट्टी चिडते आणि टाच दुखते.

आता एक्स-रेचे सांगतो. ही टोपी एक्स-रेमध्ये जास्त पांढरी आणि दोन-तीन तुकड्यांत दिसणे, हे टाच न दुखणाऱ्या मुलांमध्येही आढळते. ते पाहून हाड मोडले म्हणणे चूक आहे. या दुखण्याचे निदान हाताने आणि प्रश्न विचारून होते. आम्ही तिची टाच मागच्या भागात दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटांमध्ये धरून हलकेच दाबली. ती "आई गं" म्हणून पाय ओढून बसली. सूज नव्हती, लाली नव्हती, ताप नव्हता. खेळताना आणि खेळून झाल्यावर दुखायचे, रात्री शांत झोप लागायची. तरी आम्ही डॉक्टर नाही. तिला सरकारी रुग्णालयात हाडाच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तेच सांगितले आणि प्लास्टर रद्द केले.

उपचार स्वस्त आहे, पण धीर लागतो. पहिले दोन आठवडे धावणे आणि उड्या बंद. सायकल चालली. मैदानावर मात्र रोज जायचे, उभ्याने पकडीचा सराव करायचा, असे आम्ही आग्रहाने सांगितले. दोन्ही बुटांत टाचेखाली साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर जाडीचा टणक रबराचा तुकडा घातला. चांभारदादांनी जुन्या चपलेतून तो कापून दिला. टाच थोडी उचलली की शिरेची ओढ कमी होते. एकच पाय दुखत असला तरी तुकडा दोन्ही बुटांत घालावा. घरात अनवाणी न राहता मऊ चप्पल घालावी. दुखल्यावर फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटे धरावा.

जोडीला पोटरीचा व्यायाम. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि शरीर पुढे झुकवायचे. पोटरीत ओढ जाणवेल इतकेच, टाच दुखेल इतके नाही. तीस सेकंद, तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. टाचेला जोरात तेल चोळणे किंवा टाचेत इंजेक्शन घेणे नको. दुखणे दाबण्यासाठी गोळी घेऊन मैदानात उतरणे तर अजिबात नको.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड वीस मिनिटे धावणे सुरू केले. मोजमाप तिच्याच हाती दिले. दहापैकी तीनपर्यंत दुखले तर चालेल, पण लंगडायला लागली की थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे गेलेले असले पाहिजे. चौथ्या आठवड्यात उत्साहात ती सलग तीन दिवस खेळली आणि टाच पुन्हा पेटली. पुन्हा एक पायरी खाली उतरलो. दोन महिन्यांनी ती पूर्ण सराव करू लागली. त्या वर्षीची निवड हुकली, हे खरे. हाड जुळेपर्यंत दुखणे अधूनमधून परत येऊ शकते, हेही तिला सांगून ठेवले आहे. पण जुळल्यावर ते जाते आणि मागे व्यंग राहत नाही.

मात्र प्रत्येक टाचदुखी ही नसते. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, सूज किंवा लाली, पडल्यानंतर पाय टेकताच न येणे, वजन घटणे, किंवा विश्रांती घेऊनही महिन्याभरात फरक न पडणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये सिकलसेल आहे. त्या मुलाला ताप येऊन हाड दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका, हाडात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

सरांना आमचे सांगणे एवढेच की चवड्यांवर चालणारे मूल कामचुकार नसते. सराव एका आठवड्यात दुप्पट करू नका. आणि आई-वडिलांनो, दोन महिने सराव कमी करणे आणि खेळ सोडणे यांत फरक आहे. मुलगा घरी बसला तर बरा झाल्यावर आपोआप मैदानावर जातो. मुलगी घरी बसली की तिच्या हातात झाडू येतो आणि मैदान कायमचे सुटते. म्हणूनच आम्ही तिला दुखत्या पायानेही रोज मैदानाच्या कडेला उभे केले होते.