नाडी घराण्याची की घराची?

"आमच्या घरात सगळ्यांचीच नाडी जोरात चालते, आईचीही अशीच आहे," असे वस्तीत सहज ऐकू येते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले उलट बोलतात. पळालो की नाडी खाली येते, ज्याची आली नाही त्याने मेहनतच केली नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ही दोन्ही मते अर्धवट वाटतात, आणि पहिले तर धोक्याचे वाटते.

आधी मुलांचे पाहू. बाहेरचे कोणतेही नियंत्रण नसेल, तर तरुण माणसाचे हृदय मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. विश्रांतीत ते साठ-सत्तरवर येते, कारण मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस त्याला लगाम घालते. हृदयाचा मूळ वेग किती आणि लगाम किती घट्ट, यात जन्माचा वाटा असतो. जन्मानेच सगळे ठरते हे आपण कुठेच मान्य करीत नाही. पण नाडीच्या बाबतीत हा वाटा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

नियमित पळण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकू लागते. विश्रांतीत शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागते. एका ठोक्याला ७० मिलिलिटर जात असेल तर ७१ ठोके लागतात. ७५ जाऊ लागले तर ६७ पुरतात. म्हणजे फरक चारच ठोक्यांचा. १९९० च्या दशकात अमेरिका व कॅनडात 'हेरिटेज' नावाचा अभ्यास झाला. व्यायामाची सवय नसलेल्या आईवडिलांना आणि त्यांच्या मुलांना २० आठवडे, आठवड्यातून तीनदा, सायकलचा व्यायाम दिला. त्यांची विश्रांतीची नाडी सरासरी तीन-चार ठोक्यांनीच उतरली. चाळीस-पन्नासवर आलेली नाडी बहुधा अनेक वर्षे लांब पल्ल्याचे पळणाऱ्यांची असते, आणि त्यातही जन्माचा हातभार असू शकतो.

आता समजा, दोन भाऊ भरतीसाठी पळताहेत. थोरल्याची नाडी ७८, धाकट्याची ६४. पाच महिन्यांनी थोरला ७४ वर आला, धाकटा ६० वर. दोघांनी कमावले सारखेच. तरीही मैदानावर सगळे धाकट्याचे कौतुक करतील, थोरल्याला आळशी म्हणतील. मुळातल्या चौदा ठोक्यांच्या फरकाचा मेहनतीशी संबंध नव्हता. शिवाय भरतीत १६०० मीटरची वेळ मोजतात, नाडी नाही! ज्याला आपली प्रगती पाहायची आहे त्याने आपल्याच जुन्या आकड्याशी तुलना करावी. सकाळी जाग आल्यावर, चहा-तंबाखूच्या आधी, पडल्यापडल्या अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. असे चार-पाच दिवस मोजून सरासरी काढावी. ताप किंवा जागरण असेल तो दिवस सोडावा.

आता घराण्याच्या नाडीकडे येऊ. त्याच अभ्यासात माणसामाणसांच्या नाडीतील फरकापैकी साधारण एक तृतीयांश भाग कुटुंबाशी जोडलेला आढळला. पण 'कुटुंबाशी जोडलेला' म्हणजे केवळ रक्ताचा नव्हे. एका घरातली माणसे एकच ताट वाटून खातात, एकाच पत्र्याखालच्या उकाड्यात झोपतात, एकमेकांची मिश्री-तंबाखूची सवय उचलतात. तंबाखूतील निकोटीन नाडी वाढवते, झोपमोड वाढवते, रक्त कमी असणेही वाढवते. यांतले रक्तातून आलेले किती आणि घरातून आलेले किती, हे नुसत्या सारखेपणावरून कळत नाही.

एक घर घेऊ. आईची नाडी ९६, मुलीची ९२. बापाची ७२, मुलाची ६८. कोणीही म्हणेल, मुलगी आईवर गेली. पण त्या घरात आई आणि मुलगी शेवटी जेवतात, उरलेले खातात, आणि दोघींना पाळीत रक्तस्राव जास्त होतो. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. जिना चढताना दम लागणे, डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसणे, सतत थकवा, या खुणा जोडीला असतील तर 'वारसा' हा शब्द बाजूला ठेवावा. अशा वेळी दोघींनी सरकारी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते ठीक निघाले आणि वजन घटत असेल, हात थरथरत असतील, तर थायरॉइडची तपासणी करावी. लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरल्यावर नाडी ८० च्या खाली आली, तर आईकडून मुलीकडे आलेली गोष्ट ताटातली होती हे कळेल. रक्त, थायरॉइड सारे नीट असूनही दोघी नव्वदीतच राहिल्या, तर घराण्याचे नाव घ्यायला हरकत नाही.

स्वस्थ बसूनही नाडी वारंवार १०० च्या वर जात असेल, ठोके अनियमित असतील, किंवा ५० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल, तर घरात आणखी कोणाची तशी आहे हे न विचारता डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर मात्र ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.