कोड्याला उत्तर एकच आहे ना?

गेल्या महिन्यात या पानावर दिलेल्या इफ्तारच्या कोड्याचे उत्तर नववीतल्या एका वाचक मुलीने पाठवले. माझ्या वहीतल्या उत्तराशी ते जुळेना, म्हणून मी ‘चूक’ असा शेरा मारला. तिने पुन्हा पत्र लिहून विचारले, “माझे उत्तर कोणत्या सूचनेत बसत नाही, तेवढे सांगा.” मी बसवून पाहिले, तर सगळ्या सूचनांत ते बसत होते. चूक तिची नव्हती, माझी होती.

कोडे असे होते. सलमा, आयेशा आणि जुबेर एकाच इमारतीत पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर राहतात. इफ्तारला एका घरून भजी आली, एका घरून समोसे आणि एका घरून फिरनी. सूचना तीन होत्या. पहिली, भजीच्या लगेच वरच्या मजल्यावरून समोसे आले. दुसरी, आयेशाचे घर जुबेरच्या घरापेक्षा खाली आहे. तिसरी, समोसे सलमाच्या घरचे.

मी आधी उत्तर ठरवले होते: पहिल्यावर आयेशा व फिरनी, दुसऱ्यावर जुबेर व भजी, तिसऱ्यावर सलमा व समोसे. मग त्यावरून सूचना लिहिल्या आणि प्रत्येक सूचना उत्तराला लागू पडते की नाही ते तपासले. पडत होती. पण त्यातून एवढेच कळते की हे उत्तर चालते. दुसरे चालत नाही, हे त्यातून कळत नाही.

ते पाहण्यासाठी ठरवलेले उत्तर विसरून कोरा तक्ता घ्यावा. जे शक्यच नाही तिथे फुली आणि जे ठरलेच तिथे बरोबरची खूण, एवढेच भरावे. अंदाजाने काही भरू नये. वर समोसे हवेत म्हणून भजी तिसऱ्यावर नाही, आणि खाली भजी हवी म्हणून समोसे पहिल्यावर नाहीत. समोसे सलमाचे, म्हणून सलमाही पहिल्यावर नाही. जुबेरच्या खाली आयेशा आहे, म्हणून तोही पहिल्यावर नाही. उरली आयेशा, ती पहिल्यावर.

इथे गाडी अडते. अडली की एक जागा निवडून तिच्या दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालायच्या. समोसे तिसऱ्यावर धरले, तर माझे उत्तर येते. मी तिथेच थांबलो होतो. समोसे दुसऱ्यावर धरले, तर पहिल्यावर आयेशा व भजी, दुसऱ्यावर सलमा व समोसे, तिसऱ्यावर जुबेर व फिरनी. कुठेच विसंगती नाही. हेच त्या मुलीचे उत्तर. दुसरी वाट बंद होते हे स्वतः चालून पाहिल्याशिवाय पहिल्या वाटेचे उत्तर एकमेव म्हणता येत नाही.

दुरुस्तीसाठी दोन्ही उत्तरे शेजारी मांडावीत. आयेशा दोन्हींत पहिल्यावरच आहे, म्हणून ‘आयेशा पहिल्यावर राहते’ अशी सूचना वाढवून काही उपयोग नाही. फरक जिथे आहे तिथे सूचना हवी. फिरनी माझ्या उत्तरात पहिल्यावर, तिच्या उत्तरात तिसऱ्यावर. म्हणून चौथी सूचना: फिरनी सर्वांत वरच्या मजल्यावरून आली नाही.

आता पुन्हा कोरा तक्ता. तिसऱ्यावर भजी नाही, फिरनी नाही, म्हणजे समोसेच. त्यांच्या लगेच खाली दुसऱ्यावर भजी, उरलेल्या पहिल्यावर फिरनी. समोसे तिसऱ्यावर म्हणून सलमा तिसऱ्यावर, आयेशा पहिल्यावर, जुबेर दुसऱ्यावर. कुठेही अंदाज करावा लागला नाही. असा तक्ता पूर्ण भरला की उत्तर एकच आहे याची वेगळी तपासणी लागत नाही.

शेवटी शब्द तपासावेत. पहिल्या सूचनेतून फक्त ‘लगेच’ काढून पाहा. मग भजी पहिल्यावर आणि फिरनी दुसऱ्यावर असली तरी चालते, आणि चार सूचना असूनही पुन्हा दोन उत्तरे होतात. तसेच एकेक सूचना झाकून तक्ता भरावा. या चारांपैकी कोणतीही झाकली तरी एकाहून अधिक उत्तरे निघतात, म्हणजे एकही सूचना फालतू नाही.

तीन घरे आणि तीन पदार्थ यांच्या मांडण्या फक्त 36 होतात, त्यामुळे सगळ्या लिहूनही पाहता येतात. चार घरे आणि चार पदार्थ घेतले की 576 होतात. तिथे फुल्यांचा तक्ता आणि दोन्ही वाटा चालण्याची सवय, हाच मार्ग.

त्या मुलीचे उत्तर बरोबर धरले आहे. यापुढे कोणाचे उत्तर माझ्यापेक्षा वेगळे आले, तर ‘चूक’ लिहिण्याआधी ते कोणत्या सूचनेशी अडते हे मी दाखवीन, इन्शाअल्लाह.