सूत्र नको, दर मांडा

‘नळ-टाकीला xy/(x+y) पाठ करा, समीकरणं मांडत बसाल तर पेपर अर्धा राहील,’ असा सल्ला स्पर्धा परीक्षेच्या बहुतेक उमेदवारांनी ऐकलेला असतो. त्यामागचा मुद्दा पोकळ नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटही मिळत नाही. एक नळ १२ तासांत आणि दुसरा १५ तासांत टाकी भरत असेल, तर दोन्ही मिळून किती वेळ लागेल? सूत्रात आकडे घाला, १८० भागिले २७, उत्तर ६ तास ४० मिनिटं. इथवर सूत्राशी भांडण नाही.

पण सूत्राचा वेग या एकाच साच्यापुरता आहे. १० तासांत टाकी रिकामी करणारा तिसरा नळ आला की सूत्र लांबतं: xyz/(yz+xz−xy). उणे चिन्ह निचऱ्याच्या z ला लावायचं असं मुलं धरून चालतात. प्रत्यक्षात ते ज्या पदात z नाही, नेमकं त्याच पदाला लागतं. हे का, ते सूत्र सांगत नाही, आणि परीक्षेच्या घाईत विसरलेलं चिन्ह आठवायला दुसरा आधार नसतो. एक नळ चार तासांनी बंद केला म्हटलं, की हे सूत्र निरुपयोगीच ठरतं.

आता दरांची रीत पाहा. १२, १५ आणि १० यांचा लसावि ६०, म्हणून टाकी ६० बादल्यांची धरा. पहिला नळ तासाला ५ बादल्या भरतो, दुसरा ४, तिसरा ६ काढतो. तिन्ही चालू असतील तर तासाला ५+४−६ म्हणजे ३ बादल्या, आणि टाकी २० तासांत भरते. उणे कुठे लावायचं हा प्रश्नच उरत नाही, कारण पाणी कोण काढतं ते समोर दिसतं. भरणारे दोघेच सुरू करून पहिला चार तासांनी बंद केला, तर एकूण वेळ t धरून ५×४ + ४t = ६०, म्हणजे १० तास. प्रत्येक नळाचा दर गुणिले तो चालू असलेला वेळ, त्यांची बेरीज म्हणजे टाकी. पाठ करायचं ते एवढंच. नळांऐवजी मजूर आले तरी हेच समीकरण चालतं.

यावर कोणी म्हणेल, समीकरणही आंधळेपणानं वापरता येतंच की. येतं, आणि तिथेच खरा सापळा असतो. हेच तीन नळ पहिला, दुसरा, तिसरा या क्रमानं एकेक तास आळीपाळीनं उघडले, तर टाकी केव्हा भरेल? तीन तासांच्या फेरीत ३ बादल्या वाढतात, म्हणून २० फेऱ्या, ६० तास, असं उत्तर पटकन येतं. पर्यायांत ते बहुधा असतंही, आणि ते चूक आहे. प्रत्येक फेरीत पाणी आधी ९ बादल्यांनी चढतं आणि मग ६ नी उतरतं. म्हणून काठाला पाणी केव्हा लागतं ते बघायचं. १७ फेऱ्यांनंतर, म्हणजे ५१ तासांनी, टाकीत ५१ बादल्या असतात. पुढच्या तासात ५६, त्यापुढच्या तासात ६०. उत्तर ५३ तास. पडताळा घ्या: पहिला नळ १८ तास, दुसरा १८, तिसरा १७; ९०+७२−१०२ = ६०. ६० तासांनाही बेरीज ६०च येते, पण त्यासाठी ५९व्या तासाअखेर ६० बादल्यांच्या टाकीत ६६ बादल्या मावाव्या लागतात!

क्रम बदलून निचऱ्याचा नळ आधी उघडला तर पहिला तास फुकट जातो, कारण रिकाम्या टाकीतून काढणार काय? मग उत्तर ५४ तास. हा फरक दर मांडणाऱ्यालाच दिसतो. खरं तर पाण्याची पातळी उतरते तसा निचऱ्याचा वेगही कमी होतो, पण परीक्षेत दर कायम धरायचा असतो, हे गृहीतक तेवढं ध्यानात ठेवा.

तेव्हा सूत्र हवं तर ठेवा, पण दोन नळ एकदम सुरू होऊन शेवटपर्यंत चालतात अशाच प्रश्नापुरतं. बाकी सगळीकडे आधी लसावि काढा, प्रत्येक दराला अधिक-उणे चिन्ह द्या आणि आळीपाळीचा प्रश्न असेल तर शेवटची फेरी तासातासानं मोजल्याशिवाय पर्यायाला हात लावू नका.